रेषा नेमकी कधीपासून धरायची?

४ जून २०२४. लोकसभेची मतमोजणी चालू होती आणि बाजाराचा ठोका चुकला होता. आदल्या दिवशी, सोमवारी, एक्झिट पोलच्या भरवशावर निफ्टी तीन टक्क्यांहून जास्त उडी मारून २३,२६३ वर बंद झाला होता. मंगळवारी मतांचे आकडे अपेक्षेपेक्षा वेगळे येऊ लागले आणि तोच निफ्टी २१,२८१ पर्यंत आपटला. दिवसअखेर तो २१,८८४ वर सावरला आणि शुक्रवारी, ७ जूनला, २३,२९० वर बंद झाला. सोमवारी घेतलेला माणूस मंगळवारी बुडाला होता आणि शुक्रवारी त्याचे पैसे सुटले होते.

आता एक साधा प्रश्न. त्या मंगळवारपासून पुढे ज्यांनी ज्यांनी व्यवहार केले, त्या सगळ्यांचा मिळून सरासरी भाव किती? चार्टवर हा प्रश्न विचारायला एक क्लिक पुरते. `Anchored VWAP` नावाचं साधन उचलायचं, हव्या त्या कँडलवर ठेवायचं, की तिथून एक रेषा निघते आणि रोज पुढे सरकत राहते. ट्रेडर तिला अँकर्ड व्हीवॅप म्हणतात. गणित सातवीतल्या मुलालाही जमेल असं आहे. रेषेची सगळी गंमत, आणि सगळी भांडणंही, ती कुठून सुरू करायची यात आहेत.

आधी व्हीवॅप म्हणजे काय ते पाहू. लासलगावच्या बाजार समितीचे कांद्याचे दर पेपरात येतात तेव्हा किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन आकडे असतात. कमाल भाव एखाद्या ट्रॅक्टरलाच मिळालेला असतो आणि बाकीचा ढीग त्याच्या बराच खाली विकला गेलेला असतो, हे शेतकऱ्याला कोणी सांगावं लागत नाही. किती क्विंटल कोणत्या भावाला गेला हे लक्षात घेऊन काढलेली सरासरी म्हणजेच व्हीवॅप. ज्या भावाला जास्त माल हलला त्या भावाला जास्त वजन.

शेअर बाजारात ही सरासरी मोठ्या संस्थांच्या कामाची झाली. एखाद्या म्युच्युअल फंडाला दिवसभरात लाखो शेअर घ्यायचे असतील, तर संध्याकाळी प्रश्न येतो की आपण महाग घेतले की स्वस्त. त्या दिवसाचा व्हीवॅप हा त्यावरचा सरळ मापदंड. एनएसईवर शेअरचा बंद भाव म्हणूनही वर्षानुवर्षं शेवटचा सौदा धरला गेलेला नाही, शेवटच्या अर्ध्या तासाची अशीच वजनदार सरासरी धरली गेली आहे. त्यामुळे साडेतीनच्या ठोक्याला कुणी एखादा विचित्र सौदा टाकून बंद भाव हलवू शकत नाही.

या रोजच्या व्हीवॅपला मात्र विस्मरणाचा रोग आहे. सकाळी सव्वानऊला पाटी कोरी होते. काल काय झालं याची दखल नाही. १९९०च्या दशकात पॉल लेव्हिन नावाच्या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने विचारलं की पाटी रोज कोरी का करायची? भाव जिथून वळला तिथून मोजायला सुरुवात करावी आणि पुढे कधीच थांबू नये. त्याने या पद्धतीला ‘मिडास’ नाव दिलं. पुढे ब्रायन शॅनन या अमेरिकी ट्रेडरने तीच कल्पना अँकर्ड व्हीवॅप या नावाने घरोघरी पोहोचवली. माझ्या मते या विषयात नवीन असं काही घडलं असेल तर ते एवढंच. सरासरी जुनीच होती, फक्त तिला एक जन्मतारीख दिली गेली.

जन्मतारखेने किती फरक पडतो ते चार दिवसांच्या हिशोबात दिसतं. समजा एक शेअर बरेच दिवस घसरतोय आणि एका दिवशी प्रचंड व्यवहारांत तळ गाठून वळतो. त्या दिवशी उच्चांक ४१२, नीचांक ३९६, बंद ४१०. तिन्हींची सरासरी ४०६ रुपये, हा त्या दिवसाचा प्रातिनिधिक भाव, आणि हललेले शेअर ९ लाख. दुसऱ्या दिवशी प्रातिनिधिक भाव ४१८ आणि ५ लाख शेअर. तिसऱ्या दिवशी ४२६ आणि ३ लाख. चौथ्या दिवशी भाव थोडा मऊ पडतो, प्रातिनिधिक ४२१, पुन्हा ३ लाख, आणि शेअर ४१९ वर बंद होतो.

प्रत्येक दिवसाचा भाव गुणिले शेअर, त्यांची बेरीज, भागिले एकूण २० लाख शेअर. उत्तर येतं ४१४ रुपये २५ पैसे. नुसती चार भावांची साधी सरासरी काढली असती तर ४१७.७५ आली असती. तळाच्या दिवशी हललेल्या ९ लाख शेअरांनी रेषा साडेतीन रुपयांनी खाली ओढून धरली आहे.

आता तेच आकडे, पण तळाचा दिवस सोडून दुसऱ्या दिवसापासून मोजा. तीन दिवसांचे ११ लाख शेअर आणि सरासरी बरोबर ४२१. चौथ्या दिवशी शेअर बंद झालाय ४१९ वर. पहिल्या रेषेच्या हिशोबात तो जवळपास पाच रुपये वर आहे, म्हणजे तळापासून घेणारा सरासरी माणूस फायद्यात. दुसऱ्या रेषेच्या हिशोबात तो दोन रुपये खाली आहे, म्हणजे सरासरी माणूस तोट्यात. शेअर तोच, दिवस तोच, एका कँडलचा फरक. पहिला ट्रेडर म्हणेल तेजी शाबूत आहे, दुसरा म्हणेल घेणारे अडकलेत. दोघांचंही गणित बिनचूक आहे.

भावाला या रेषेची पर्वा का असावी, हा पुढचा प्रश्न. रेषेत जादू काहीच नाही. जे काही आहे ते अडकलेल्या माणसाच्या मनात आहे. तोट्यात असलेला माणूस म्हणतो, ‘माझे पैसे सुटले की विकून मोकळा होतो.’ असे पुष्कळ जण एकाच सरासरीच्या आसपास असतील, तर भाव वर येताना तिथे विक्री निघते. उलट फायद्यात असलेले, आपल्या खरेदीच्या भावाला शेअर पुन्हा आला की थोडी भर घालतात. मोठ्या संस्थांचे डेस्कही आपली सरासरी बाजाराच्या सरासरीशी ताडून पाहतात. म्हणून रेषेपाशी भाव कधी अडखळतो, कधी टेकतो. आणि कधी तिच्यातून सरळ निघून जातो, जणू ती तिथे नव्हतीच.

इथे एक गाळलेली गोष्ट सांगायला हवी, कारण पुष्कळजण रेषेला ‘घेणाऱ्यांची सरासरी’ म्हणून मोकळे होतात. प्रत्येक सौद्याला एक घेणारा असतो आणि एक विकणारा. जी सरासरी घेणाऱ्यांची, तीच विकणाऱ्यांची. शिवाय सकाळी घेऊन दुपारी विकणाऱ्याचे शेअर दोनदा मोजले जातात आणि संध्याकाळी त्याच्याकडे काहीच नसतं. एनएसई रोज प्रत्येक शेअरची डिलिव्हरीची संख्या वेगळी देते, ती याच कामाची. अँकरच्या दिवशी ९ लाख हलले आणि त्यातले फार थोडेच डिलिव्हरीला गेले असतील, तर त्या तळाला अडकलेली किंवा फायद्यात बसलेली माणसं रेषा दाखवते त्यापेक्षा खूप कमी आहेत.

तर अँकर कुठे ठेवायचा? ट्रेडरची पहिली पसंती स्विंग पॉइंटला असते. चढत्या भावातलं शिखर किंवा उतरत्या भावातला तळ, जिथे गर्दीचं मन बदललं. त्यातही तिथे व्यवहारांचा लोंढा आलेला असावा, कारण कमी व्यवहारांच्या तळावर रेषेला सुरुवातीचं वजनच मिळत नाही. दुसरा प्रकार म्हणजे बातमीचा दिवस. तिमाही निकाल, अर्थसंकल्प, आयपीओच्या लिस्टिंगचा पहिला दिवस. लिस्टिंगचा अँकर मला सगळ्यांत स्वच्छ वाटतो. त्याच्या मागे चार्टच नसल्यामुळे कोणता दिवस धरायचा हा वादच राहत नाही.

या दोन प्रकारांत एक मोठा भेद आहे आणि ४ जूनचा मंगळवार तो फार छान उघड करतो. मतमोजणीची तारीख निवडणूक आयोगाने मार्चमध्येच जाहीर केली होती. म्हणजे बातमीचा दिवस म्हणून तो अँकर अडीच महिने आधी वहीत लिहून ठेवता आला असता. स्विंगचा तळ म्हणून मात्र तो त्या दिवशी कोणालाही कळू शकत नव्हता. तळ हा तळ आहे हे ठरायला त्याच्या उजवीकडे वरचे नीचांक दिसावे लागतात. दोन्ही बाजूंना दोन-दोन कँडल असा साधा नियम धरला, तर ४ जूनच्या तळावर शिक्कामोर्तब झालं ६ जूनला बाजार बंद होताना. तोपर्यंत निफ्टी तळापासून साधारण दीड हजार अंक वर गेला होता. पाच-पाच कँडलचा कडक नियम धरला तर ११ जूनची वाट पाहावी लागली असती.

जुन्या चार्टवर रेषा काढून ‘बघा, तळापासून कशी धरून चालली’ असं दाखवणाऱ्यांनी हे दीड हजार अंक हिशोबात धरलेले नसतात. रेषा तळापासून सुरू होते हे खरं, पण ती तुमच्या हातात पडते काही दिवसांनी.

त्याच दिवसात आणखी एक खाच दडलेली आहे. रोजच्या कँडलवर अँकर ठेवला की त्या कँडलचा उच्चांक, नीचांक आणि बंद यांची सरासरी ही रेषेची पहिली किंमत होते. त्या मंगळवारी निफ्टीचा उच्चांक सुमारे २३,१८० होता आणि तो सकाळीच लागला होता. तिन्हींची सरासरी येते २२,११५ च्या आसपास. म्हणजे तळ २१,२८१ आणि त्या ‘तळापासूनची’ रेषा सुरू होते आठशेहून अधिक अंक वर. कारण उघड आहे. त्या एका कँडलमध्ये सकाळी घाबरून विकणारे आणि दुपारनंतर सावरून घेणारे, दोघेही कोंबलेले आहेत. भाव वळण्याआधीच्या लोकांना आपण वळणानंतरच्या हिशोबात घेतलं आहे. ज्याला हे खटकतं तो पाच मिनिटांच्या चार्टवर उतरतो, नीचांकाची नेमकी कँडल शोधतो आणि तिथून रेषा काढतो. अशा रेषेची सुरुवात तळाला चिकटून होते. शांत दिवशी दोन्ही पद्धतींत फारसा फरक पडत नाही. ज्या दिवशी वर-खाली जवळपास दोन हजार अंकांचं अंतर असतं त्या दिवशी पडतो.

निफ्टीचं नाव घेत बोलतोय तर एक कबुली पुस्तकी वाटली तरी द्यायला हवी. निफ्टी हा आकडा आहे, तो कोणी विकत घेत नाही. त्याचे स्वतःचे व्यवहारच नाहीत, मग वजन कशाचं द्यायचं? काही चार्ट आतल्या पन्नास शेअरांच्या व्यवहारांची बेरीज दाखवतात, काही काहीच दाखवत नाहीत आणि रेषा कोरी येते. बरेच ट्रेडर निफ्टीच्या फ्युचर्सवर किंवा निफ्टी बीज या ईटीएफवर रेषा काढतात. फ्युचर्समध्ये महिन्याच्या शेवटी नवी कटकट असते. एक्स्पायरीजवळ सगळी गर्दी जुना करार सोडून पुढच्यात जाते. एकाच करारावर महिनोन्‌महिन्यांची रेषा चालत नाही, जोडलेला सलग चार्ट घ्यावा लागतो. वेगवेगळ्या ठिकाणी रेषा वेगळी दिसली तर बहुधा हेच कारण असतं.

एकेका शेअरमध्ये घोटाळा बोनस आणि स्प्लिटमुळे होतो. रिलायन्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये एकास एक बोनस दिला, तेव्हा शेअरचा भाव अर्धा झाला आणि संख्या दुप्पट. मागचे भाव अर्धे करून घेताना चार्टने मागचे व्यवहारही दुप्पट केले नाहीत, तर बोनसआधीच्या दिवसांचं वजन खरं असायला हवं त्याच्या निम्मं धरलं जातं. रेषा नव्या भावांकडे झुकते आणि पाहणाऱ्याला काहीच खटकत नाही, कारण ती दिसायला सुबकच असते. ओळखायची सोपी युक्ती अशी की बोनसच्या तारखेपाशी व्यवहारांचे खांब बघायचे. त्या दिवसापासून ते काहीही बातमी नसताना एकदम दुपटीने उंच राहू लागले, तर मागचे व्यवहार दुरुस्त केलेले नाहीत.

आता मला सगळ्यांत विलक्षण वाटणाऱ्या गोष्टीकडे येतो. ही रेषा म्हातारी होते. रोज ती किती सरकेल याचा नियम सुटसुटीत आहे. आजचा भाव रेषेपासून जितका दूर, त्याला आजच्या व्यवहारांचा एकूण व्यवहारांतला वाटा गुणायचा. आपल्या शेअरची रेषा ४१४.२५ वर आहे, मागे २० लाख शेअर. उद्या भाव वीस रुपये वर, ४३४.२५, आणि ५ लाख शेअर हलले, तर पंचवीस लाखांतले पाच, म्हणजे एक पंचमांश. रेषा चार रुपये उचलेल. हीच रेषा वर्षभराने घ्या, मागे ३९५ लाख शेअर जमलेत. तोच वीस रुपयांचा फरक, तेच ५ लाख शेअर, आणि रेषा हलते फक्त २५ पैसे. तरुणपणी एका दिवसाने डळमळणारी रेषा नंतर एवढी जड होते की मोठ्या उलाढालीचा दिवसही तिला ढिम्म हलवत नाही.

यातूनच तो आधीचा वादही विरतो. ४१४.२५ आणि ४२१ मध्ये पावणेसात रुपयांचं अंतर होतं. पुढे एकूण २०० लाख शेअर हलले आणि दुसरी रेषा ४४६ वर पोहोचली, तर दोन्हींत अंतर उरतं एक रुपया ऐंशी पैशांचं. अँकरचा दिवस चुकला तर त्याची शिक्षा पहिल्या काही आठवड्यांत होते. म्हणून अनुभवी लोक कोवळ्या रेषेवर पैसे लावण्याआधी अँकर एक-दोन कँडल पुढे-मागे सरकवून बघतात. रेषा जागच्या जागी राहिली तर ठीक. भाव एकदा वर आणि एकदा खाली दिसू लागला, तर त्या रेषेला अजून काही सांगण्याइतकं वजन आलेलं नाही. आणि अँकर भाव तिथे पोहोचण्याआधी लिहून ठेवतात. वर्षात साधारण अडीचशे सत्रं असतात, म्हणजे अडीचशे अँकर शक्य आहेत. भाव कुठेही थांबला तरी त्याच्याखाली कुठलीतरी रेषा सापडणारच.

जुनी रेषा भावापासून फार दूर पडली की शॅनन तिची सूत्रं पुढच्या स्विंगपासूनच्या नव्या रेषेकडे सोपवतो. तळापासूनची एक आणि शिखरापासूनची एक अशा दोन रेषा एकमेकींकडे येत भावाला मधे कोंडतात त्या जागेला तो पिंच म्हणतो. वरची रेषा सांगते शिखरानंतरचे अडकलेले कुठे आहेत, खालची सांगते तळानंतरचे फायदेवाले कुठे आहेत. भाव कुठल्या बाजूने फुटेल हे त्यातून कळत नाही. फुटल्यावर कोणाची बाजू पडली एवढं कळतं.

निफ्टीने सप्टेंबर २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात २६,२७७ चं शिखर केलं आणि तिथून घसरत ७ एप्रिल २०२५ ला २१,७४३ पर्यंत आला. ४ जूनचा २१,२८१ चा तळ मोडला नाही. साधा आडवा आधार बघणारा म्हणेल, तळ टिकला. पण ४ जूनपासूनच्या रेषेला दहा महिन्यांचे व्यवहार चिकटले होते, आणि त्यातले बहुतेक २३ ते २५ हजारांच्या पट्ट्यात झालेले. ती रेषा त्या एप्रिलच्या दिवशी निफ्टीच्या डोक्यावर, बरीच वर होती. तळ शाबूत आणि तळापासूनचा सरासरी माणूस तोट्यात, अशी ती अवस्था होती. ७ एप्रिलच्या कँडलवर पुढे नवे अँकर पडू लागले. तो स्विंगचा तळ आहे हे अर्थात दोन-तीन सत्रं उलटल्यावर ठरलं.